हॉटेलच्या किचनमध्ये गरम तेल उडालं, पोरगा भाजला. रिपोर्ट मी लिहायचाय, कसा लिहू?

कढईवाला (सोमवार, दुपारी ३.४०)

नमस्कार मंडळी. मी दादरला एका मालवणी हॉटेलात हेड कुक आहे, अठरा वर्षं झाली या लाईनीत. केओटी म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवरच्या खुणा सोडल्या तर लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. परवा शनिवारी रात्री आमच्या फ्रायच्या सेक्शनला तेल उडालं आणि हेल्पर पोराचा उजवा हात भाजला. मालक म्हणतात रिपोर्ट तूच लिही, आणि त्यातली एक ओळ त्यांनी स्वतः सांगितली, "हेल्परच्या निष्काळजीपणामुळे". ती ओळ लिहायला बसलो आणि पेन पुढे जाईना, म्हणून इथे आलोय.

घडलं ते असं. आमच्याकडे बोंबील फ्राय जातो भरपूर. सकाळी माल येतो, पोट फाडून मधला काटा काढतो आणि दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवतो, दोन तास तरी. बोंबील म्हणजे अर्धा मासा अर्धं पाणी, दाबल्याशिवाय तो तळताच येत नाही. शनिवारी पावणेनऊलाच दाबलेले संपले. डीप फ्रीजरमध्ये गुरुवारचे दोन ट्रे होते, साफ केलेले पण न दाबलेले. मी पोराला म्हणालो काढ ते, पाण्यात सोड, दहा मिनिटात मसाला लाव. म्हणजे मीच म्हणालो, हे आधीच सांगून टाकतो.

नऊ वाजून दहाच्या सुमारास एकदम तीन टेबलांच्या मिळून नऊ प्लेटी लागल्या. बोंबलाला रवा लावला तर रव्याची पेस्ट झालेली, आत अजून कडक, मधोमध बर्फ. मी तंदूरच्या बाजूला होतो, तिथूनच ओरडलो, "टाक रे पटकन". पोराने झाऱ्यावरून एकेक सोडायच्या ऐवजी चाळणच उलटी केली, वीतभर उंचीवरून, बारा-पंधरा तुकडे एकदम. कढईत तेल होतं काठाच्या चार बोटं खाली, सातला मीच डबा ओतून वाढवलं होतं. आणि त्याआधी दहा मिनिटं एकही फ्राय लागला नव्हता, गॅस मात्र फुल.

आधी काहीच झालं नाही. म्हणजे एक क्षण. मग खालून भस्स असा आवाज आला आणि तेल फेसासकट वर आलं. पहिला हबका हाताच्या पाठीवर, दुसरा मनगटापासून कोपराकडे, एक थेंब गालावर. तेल काठावरून बर्नरवर गेलं आणि कढईच्या बुडाला जाळ उठला. मी पाईपचा कॉक बंद केला, दुसऱ्याने झाकण टाकलं, आग तिथेच संपली.

पोराला नळाखाली धरलं पण तेवढ्यात आमच्या तंदूरवाल्याने हातावर टूथपेस्ट फासली. पाच मिनिटांनी रिक्षा शोधायला पळालो, पण इथे रिक्षा कुठली, टॅक्सी मिळाली शेवटी. जवळच्या दवाखान्यात पांढरं मलम लावून पट्टी बांधली.

आता सांगा, हा निष्काळजीपणा कुणाचा? आणि रिपोर्टात नक्की काय काय यायला हवं?

---

चविष्ट_काका (३.५८)

हॉटेलवाले तेच तेल आठ आठ दिवस वापरतात, त्यावर कोणी रिपोर्ट लिहीत नाही. काळं तेल बघूनच आम्ही बाहेर खायचं सोडलं.

---

डोंबिवलीकरीण (४.०५)

दादा वाचून अंगावर काटा आला. मागच्या आषाढीला माझा साबुदाणा वडा असाच कढईत फुटला, गळ्यावर तेल आलं. साबुदाणा नीट भिजला नव्हता आणि आतून हवा धरून बसला होता म्हणे. मी लगेच कोरफड लावली. तुम्ही पण पोराला कोरफड लावा, डाग राहत नाही.

---

मीच_तो (४.२१)

तेल जास्त तापलं की उडतंच, साधं गणित आहे. तेलात चिमूटभर मीठ टाकायचं, उडत नाही, माझी आजी टाकायची. आणि भाजल्यावर बर्फ. बर्फ लावला असता तर फोड आलाच नसता.

---

परळची_सिस्टर (४.५०)

मीच_तो, अर्धं बरोबर आहे तुमचं आणि राहिलेलं अर्धं धोक्याचं. मी बावीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या जळीत वॉर्डात काढली आहेत म्हणून थोडं लांबवते.

बर्फ नको. भाजलेल्या कातडीला आधीच रक्त कमी पोचत असतं, बर्फाने शिरा अजून आकसतात आणि वाचू शकणारी कातडीही जाते. नळाचं वाहतं पाणी, गार किंवा अगदी कोमटही चालेल, पण वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, कारण पोरगा पाचव्या मिनिटाला म्हणतो बरं वाटतंय आणि सगळे त्याला टॅक्सीत बसवतात. गरम चहा सांडला तर तो ओघळून निघून जातो, तेल मात्र चिकटून बसतं आणि त्याची उष्णता आत जातच राहते. शंभरच्या वरचं असतं ना ते, पाण्यासारखं नाही. आणि कढईवाले, पुढच्या वेळी लक्षात असू द्या, पहिली वीस मिनिटं गेली तरी तीन तासांच्या आत पाणी लावण्यात अर्थ असतो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथल्या बेसिनला उभं केलं असतं तरी चाललं असतं.

टूथपेस्ट धुतली का? अंगठी, कडं, गंडा काही होतं का हातात?

---

कढईवाला (५.१०)

सिस्टर, टूथपेस्ट दवाखान्यात पुसली त्यांनी. हातात तांब्याचं कडं होतं आणि मनगटाला दोरा. कडं रात्री अकराला निघालं, साबण लावून, तोपर्यंत हात सुजून डबलरोटी झाला होता. पोरगा ओरडला तेव्हा, भाजला तेव्हा एवढा ओरडला नव्हता.

मे महिना आहे, आमच्या टाकीचं पाणी दुपारी तर चहा करावा असं येतं. म्हणून मी फिल्टरच्या थंड पाण्याखाली धरला होता. चुकलं का?

---

परळची_सिस्टर (५.३२)

नाही चुकलं. टाकीचं असेल तर आधी अर्धा मिनिट वाहू द्यायचं, पाईपमधलं गरम पाणी निघून जातं. कडं मात्र पाण्याखाली असतानाच, पहिल्या पाच मिनिटांत काढायचं.

आणि झाकायला तुमच्याकडे सगळ्यात चांगली वस्तू कायम असते, ती डबे गुंडाळायची पारदर्शक फिल्म. पहिला वेढा फेकून द्यायचा आणि पुढचा तुकडा हातावर लांबीने नुसता ठेवायचा, गुंडाळायचा नाही, कारण हात सुजणार आहे. त्यातून डॉक्टरला जखम दिसते. तुमच्या दवाखान्यात लावलं ते पांढरं मलम वाईट नाही, पण ते लागलं की जखम किती खोल आहे ते दुसऱ्या डॉक्टरला कळत नाही, सगळंच पांढरट दिसतं. म्हणून आम्ही म्हणायचो, आधी दाखवा, मग फासा.

त्याच्या स्वतःच्या तळहाताच्या मापाने किती भाजलंय बघा, बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दोन टक्के ऐकायला काहीच नाही, पण हाताची पाठ, बोटांचे सांधे, चेहरा असेल तर टक्का न मोजता जळीतवाल्यांकडे न्यायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का ते पण बघा. आणि ताई, कोरफड उघड्या फोडावर नको.

---

वेसावची_लेक (६.१५)

सगळे औषध सांगतायत, पण मासा कोणी बघितलाच नाही. दादा तुम्ही अठरा वर्षं म्हणता आणि न दाबलेला बोंबील फ्रीज करता? आमच्या घरी माझी आई दाबल्याशिवाय बोंबील डब्यात जाऊ देत नाही. ओला गोठवला की त्याच्या आतलं पाणी बर्फ होऊन मांस फाडतं, मग सुटल्यावर नुसती पाण्याची पिशवी. आणि पाण्यात सोडून वितळवणं म्हणजे अजून पाणी भरणं. रवा त्या पाण्याने चिकट होतो, वरून पापुद्रा धरतो, आणि आत पाणी बंद. माझा भाऊ खारातले बोंबील पण तव्यावरच करतो, कढईत नाही.

---

तुर्भे_शिफ्टइनचार्ज (६.४०)

वेसावच्या लेकीने मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी केमिकल प्लांटमध्ये आहे, किचन नाही माझं, पण अपघाताचे रिपोर्ट ढिगाने लिहिलेत आणि त्यातले पहिले पंचवीस तरी खोटे होते कारण सगळ्यांत "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहिलं होतं.

मीच_तो यांचं तापण्याचं गणित उलट बघा. नुसतं तेल कितीही तापलं तरी ते उडत नाही, धुरावेल आणि पेट घेईल. उडवतं ते पाणी. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते खाली बुडी मारतं, बुडाशी तेल १८० च्या आसपास, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ म्हणजे पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा. ती वाफ वरच्या तेलाला ढकलून बाहेर पडते. कढईवाल्यांनी लिहिलंय ना, "आधी काहीच झालं नाही, एक क्षण", तो क्षण म्हणजे बर्फ खाली जाऊन वितळायला लागलेला वेळ. ते वाक्य रिपोर्टात जसंच्या तसं ठेवा, त्यातूनच कळतं की तुकडे नुसते ओले नव्हते, आत गोठलेले होते.

मिठाचं म्हणाल तर तव्यावर दोन चमचे तेलात एखादा थेंब टिपला जाईल. पाच लिटर तेल आणि पंधरा बोंबील, तिथे चिमटीने काय होणार. उलट तेल लवकर खराब होतं.

आता विचारायचं असं की का, आणि मग त्याचं पण का. तेल उडालं का? गोठलेले तुकडे एकदम पडले म्हणून. एकदम का टाकले? घाई होती आणि टाकायची पद्धत कुणी शिकवली नव्हती. शिकवली होती का?

---

कढईवाला (७.०५)

...नाही. खरं सांगतो, दोन महिने झाले त्याला, आधी भांडी मग कटिंग, फ्रायला उभं राहून पंधरा दिवस. बघून शिकला. आम्ही पण बघूनच शिकलो होतो.

चविष्ट काका, तुमच्यावर चिडलो होतो पण एक कबूल करतो, तेल तिसऱ्या दिवसाचं होतं. जुन्या तेलाला फेस जास्त येतो आणि पटकन बसत नाही, हे मला माहीत आहे. ताज्या तेलात तेवढा फेस वर आला नसता.

---

चविष्ट_काका (७.२०)

मी उगाच बोलत नाही हो. २०१८ पासून नियमच आहे, तेलातले खराब घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की तेल फेकायचं. मोजायचं यंत्र मिळतं.

---

तुर्भे_शिफ्टइनचार्ज (७.३१)

काका, तिसऱ्या दिवसाचं तेल म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या वर असं नाही, ते किती माल तळला आणि किती तापवलं त्यावर जातं. पण फेसाचा मुद्दा रिपोर्टात यावा.

---

मीच_तो (८.०२)

सगळं मान्य. पण पोराने फुल बाही घातली असती, हातमोजे घातले असते तर? मालकाचा दोष तिथे आहे, सामान दिलं का त्याने?

---

तुर्भे_शिफ्टइनचार्ज (८.१५)

बाही हवीच. जाड सुती कोट, पूर्ण बाही.

---

परळची_सिस्टर (८.४०)

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. बारीक शिंतोड्यांना सुती बाही चांगली, पण असा हबका बसला की कापड तेल पितं आणि ते गरम पोतेरं हाताला धरून राहतं. मग बाही एका झटक्यात निघायला हवी, बटणवाली हवी, डोक्यातून काढायची नको. नायलॉन किंवा टेरिकॉट तर अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं आणि चिकटलेलं ओढून काढायचं नसतं, सभोवती कापायचं असतं. रबरी पातळ हातमोज्यांचं तेच.

---

कढईवाला (९.००)

भट्टीपुढे मे महिन्यात फुल बाही, तीही जाड सुती. तुम्ही दोघं एकदा आमच्या फ्रायला उभं राहून बघा. पोरं अर्ध्या तासात बाही वर करतात, मी पण करतो. पोरगा हाफ टी-शर्टवर होता, हे खरं, लिहीन. उपाय काय ते मला नाही माहीत.

---

वेसावची_लेक (९.१०)

उपाय म्हणजे तेल कमी भरा. अर्ध्या कढईच्या वर नको. आणि मासा हातात घेऊन तेलाजवळ नेऊन आपल्यापासून लांबच्या बाजूला निजवायचा, शेपूट शेवटी सोडायची. उंचावरून नाही.

---

कढईवाला (मंगळवार, रात्री ११.५५)

आज पोराला सिस्टरने सांगितल्याप्रमाणे मोठ्या हॉस्पिटलच्या जळीत विभागात नेलं, सकाळी सातला लाईन लावली. कोपराकडची जागा गुलाबी, ओली, फोड दाबला तर पोरगा उडतो. डॉक्टर म्हणाले ही चांगली, दुखतंय म्हणजे नसा जिवंत आहेत, दोन-तीन आठवड्यांत भरेल. हाताच्या पाठीवर मात्र दहाच्या नाण्याएवढी जागा पांढरट, मेणासारखी, तिथे बोट लावलं तर त्याला कळतच नाही. सोमवारपर्यंत ती लालच होती म्हणतो. डॉक्टर म्हणाले भाजणं पहिल्या दोन-तीन दिवसांत खोल जाऊ शकतं, वाट बघू, नाही भरली तर दुसरीकडची कातडी लावायला लागेल. गालावरच्या थेंबाचं काही नाही. बोटं रोज हलवायला सांगितलीत, नाहीतर आखडतील. दुखतं म्हणून तो हलवत नाही, मी फोन करून करून सांगतोय.

आता रिपोर्ट. हा असा लिहिलाय, शब्द सुधारा.

"शनिवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी फ्राय सेक्शनच्या कढईतून तेल बाहेर उडून हेल्परचा उजवा हात व गाल भाजला. कढई काठापासून चार बोटांपर्यंत भरली होती, मी सातला भरली होती. तेल तिसऱ्या दिवसाचं होतं, गॅस दहा मिनिटं फुल होता, तापमान मोजलेलं नाही. बोंबील न दाबता गोठवलेले होते आणि दहा मिनिटं पाण्यात ठेवून मसाला लावला होता, मधून बर्फ होता. ते पाण्यात सोडायला आणि पटकन टाकायला मी सांगितलं. हेल्परने बारा ते पंधरा तुकडे चाळणीतून एकदम टाकले. टाकल्यावर एक क्षण काही झालं नाही, मग खालून तेल वर आलं. त्याला एकेक सोडायची पद्धत कोणी शिकवली नव्हती. त्याने अर्धी बाही घातली होती. हात पाच मिनिटं पाण्याखाली धरला, टूथपेस्ट लावली गेली, कडं अकरा वाजता निघालं. पाट्याखाली न ठेवलेला बोंबील यापुढे फ्रीजरमध्ये जाणार नाही, ट्रेवर तारखेबरोबर दाबला की नाही ते लिहिलं जाईल. कढईला आतून अर्ध्यावर खूण केली आहे."

---

तुर्भे_शिफ्टइनचार्ज (बुधवार, सकाळी ७.१०)

एक शब्दही बदलू नका. खूण कसली केलीत? आणि पोराचं ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं काय? दहा किंवा जास्त माणसांचा स्टाफ असेल आणि पगार एकवीस हजारांच्या आत तर तो त्यात येतो, कामावरच्या इजेला किती महिने हप्ता भरला ते बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून लागू. अपघाताची नोंद मालकाने त्यांच्याकडे लगेच द्यायची असते. बरा होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. पण रिपोर्टात "निष्काळजीपणा" आला की मालकाला पुढे हात वर करायला सोपं जातं, म्हणून ती ओळ त्यांना हवी असेल.

---

कढईवाला (बुधवार, दुपारी ४.१५)

खूण खडूने केली होती, धुतली की गेली. मग वेल्डरला सांगून आतून बारीक खाच मारून घेतली.

स्टाफ चौदा आहे. पोराचं नाव ईएसआयमध्ये अजून घातलेलं नाही, "प्रोबेशन संपल्यावर" म्हणाले होते. आज त्याचे कागद मागितलेत, आधार, बँक. कधी घालतात बघू.

मालकांनी रिपोर्ट वाचला. "पटकन टाकायला मी सांगितलं" ही ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, ही ठेवायचीच का, उद्या तुझ्यावर येईल. मी ठेवा म्हणालो. सही अजून केलेली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

---

परळची_सिस्टर (५.०२)

फोटो काढून ठेवा त्याचा. आणि पोराची बोटं?

---

कढईवाला (५.२०)

फोटो काढलाय. अंगठा आणि पहिलं बोट जुळतंय, करंगळीपर्यंत जात नाही. रबराचा चेंडू आणून दिलाय, तो म्हणतो त्याने कॅच खेळता येईल का.

---

वेसावची_लेक (६.४५)

दादा पाटा किती वजनाचा आहे तुमचा? ट्रे भरून बोंबील असेल तर एका पाट्याने नाही होत, कडेचे तसेच ओले राहतात. आमच्याकडे वर फळी आणि फळीवर पाण्याचा कॅन ठेवतात, सगळीकडे सारखं दाबलं जातं.